दवाखान्याची नोटीस: गुरुवारी लाइट नाही, पेशंटना नेमकं काय सांगायचं?

काउंटरवाली_तळेगाव
मंडळी जरा मदत हवीये. माझ्या वहिनीचा तळेगावात छोटा दवाखाना आहे, पहिल्या मजल्यावर, मोठी माणसं आणि लहान मुलं दोन्ही बघते, आणि काउंटर मी सांभाळते. वीज कंपनीचा मेसेज आलाय की पावसाळ्याआधीच्या कामासाठी गुरुवार १५ मे ला सकाळी १० ते संध्याकाळी ५ शटडाऊन. मी ही नोटीस लिहिली:

"सर्व रुग्णांना कळविण्यात येते की तांत्रिक कारणास्तव उद्या वीजपुरवठा खंडित राहणार असल्याने काही सेवा उपलब्ध नसतील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

वहिनीने वाचली आणि म्हणाली हे वाचून प्रत्येक जण तुलाच फोन करणार, "मग आम्ही येऊ का नको?" आणि ते बरोबरच आहे म्हणा. आमच्याकडे तपासणी, ड्रेसिंग, इंजेक्शन, ईसीजी, नेब्युलायझर एवढं चालतं. रक्त आम्ही घेतो, सेंट्रीफ्यूज करून ठेवतो, दुपारी लॅबचा मुलगा येऊन नेतो. दर गुरुवारी ११ ते १ लसीकरण असतं, म्हणजे बरोब्बर त्याच वेळेत. साधा घरगुती फ्रिज आहे. इन्व्हर्टर आहे, १५० एएचची बॅटरी, तीन वर्षं झाली. काय चालू लिहू आणि काय बंद लिहू?

अर्धवट_शहाणा
"तांत्रिक कारणास्तव" आणि "काही सेवा" एकाच वाक्यात! ताई तुम्ही सरकारी नोकरीचा फॉर्म भराच, पहिल्या यादीत नाव लागेल.

वायरमन_भाऊ
आधी इन्व्हर्टरचा हिशोब करा, नोटीस त्यावरच ठरणार. बॅटरी १२ व्होल्ट १५० एएच, गुणाकार केला तर १८०० वॅट-तास येतात पण ते कागदावर. तीन वर्षं जुनी बॅटरी, वर इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, तर सव्वा हजार मिळाले तरी नशीब समजा. आता तुमच्याकडे काय चालतं बघा, दोन एलईडी ट्यूब म्हणजे ४० वॅट, दोन जुने पंखे १५०, वायफायचा डबा १०-१५, कॉम्प्युटर प्रिंटर धरून दीडशे. झाले साडेतीनशे. साडेतीन तासात बॅटरी बसली, म्हणजे दीड वाजता तुम्ही अंधारात. तेच कॉम्प्युटर बंद ठेवून केसपेपर हाताने लिहिले आणि एकच पंखा लावला तर सव्वाशे-दीडशेवर येता, मग ५ पर्यंत आरामात जातं.

निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह विसरा, तो २००० वॅटच्या आसपास असतो, इन्व्हर्टर एका सेकंदात ओव्हरलोड दाखवून बंद. नेब्युलायझर चालेल, दीडशे वॅट असला तरी दहा मिनिटांचं काम आहे, बॅटरीला जाणवत पण नाही. ईसीजी मशीनला बहुतेक आतच बॅटरी असते, पण ती चार्ज आहे का ते बुधवारी बघा, गुरुवारी नको.

काउंटरवाली_तळेगाव
धन्यवाद भाऊ, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. आणि फ्रिज? तो इन्व्हर्टरवर टाकला तर?

वायरमन_भाऊ
एक तर पंखा किंवा फ्रिज, दोन्ही नाही. फ्रिज सतत ओढत नाही हे खरं पण कॉम्प्रेसर सुरू होताना झटका मारतो, आणि तुमचा इन्व्हर्टर साध्या स्क्वेअर वेव्हवाला असेल तर कॉम्प्रेसर नुसता गरम होत राहतो. मी तरी नाही लावणार.

जोशीकाका_बिबवेवाडी
बिल मात्र महिन्याच्या महिन्याला बरोबर येतं!! मागच्या महिन्यात ३४०० आलं, घरात दोन माणसं. यावर कोणी नोटीस काढत नाही.

अर्धवट_शहाणा
काका बिलाचा धागा वेगळा आहे, तिथे तुमचे आधीच अकरा प्रतिसाद आहेत.

पीएचसीवाली_सिस्टर (निवृत्त)
अगं बाई, सगळे पंख्याचं आणि ट्यूबचं बोलताहेत, फ्रिजमध्ये लसी आहेत तिकडे कोणाचं लक्ष आहे का? माझी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली सगळी, त्यामुळे मला पहिलं तेच दिसतं.

लसी २ ते ८ अंशात राहिल्या पाहिजेत. आमच्याकडे केंद्रात आयएलआर म्हणजे लसींचा खास फ्रिज असायचा, त्याच्या भिंतीत बर्फाचं अस्तर असतं, झाकण उघडलं नाही तर लाइट गेल्यावरही दिवस निघतो. घरगुती फ्रिजचं तसं नाही. मे महिन्यात, दार बंद ठेवलं तरी तीन-चार तास धरा, आणि तुमच्याकडे सात तास आहेत. शिवाय समोर दार, उघडलं की थंड हवा सगळी खाली पायावर. म्हणून गुरुवारी त्या फ्रिजच्या भरवशावर लसीकरण नाही हे नोटिशीत ठळक लिही, आणि नुसतं "लसीकरण बंद" नको, पुढची तारीख दे. दीड महिन्याचं बाळ घेऊन माणूस रिक्षाने येतो, त्याला दारात सांगायचं का मग?

लसींची सोय बुधवारीच करायची. जवळच्या दुकानात किंवा हॉस्पिटलात जनरेटरवरचा फ्रिज असेल तर एक दिवस ठेवायला विचार. नाही तर व्हॅक्सिन कॅरिअर आणि चार आइसपॅक. फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे ना?

मम्मी_ऑफ_ट्विन्स
एवढं कशाला, सकाळी ९ लाच सगळ्या लसी वर फ्रीझरमध्ये टाकून द्यायच्या ना! जितकं जास्त थंड तितकं जास्त टिकणार. मी माझ्या आइसक्रीमचं असंच करते.

पीएचसीवाली_सिस्टर (निवृत्त)
नको नको नको! हे कुणी करू नका. थंडावा जपायचा हे तुझं बरोबर आहे ताई, पण गोठवायचं नाही. पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी, इंजेक्शनवाला पोलिओ या गोठल्या की कामातून गेल्या. परत वितळल्यावर वरून चांगल्या दिसतात आणि बाळाला टोचलं तरी उपयोग शून्य. गरमीने लस हळूहळू कमजोर होते, गोठल्यावर एकदम जाते. तोंडावाटे द्यायचा पोलिओ तेवढा गोठलेला चालतो, त्यावरून लोकांचा गैरसमज होतो.

आइसपॅकचं पण तेच. फ्रीझरमधून काढून लगेच कॅरिअरमध्ये ठेवले तर कडेच्या बाटल्या गोठतात. पॅक बाहेर काढून ठेवायचे, घाम फुटू द्यायचा, हलवला की आत पाण्याचा आवाज आला पाहिजे, मग भरायचे. लसी प्लास्टिकच्या पिशवीत, मधोमध, आणि थर्मामीटर त्यांच्या बरोबर.

मम्मी_ऑफ_ट्विन्स
बापरे. पण बाटलीवर तो चौकोनवाला स्टिकर असतो ना, रंग बदलतो, त्यावरून कळतं की खराब झाली का नाही?

पीएचसीवाली_सिस्टर (निवृत्त)
गरमी लागली का ते कळतं. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट आहे तोवर चालेल, सारखा झाला की फेकायची. गोठली का हे त्यावर अजिबात दिसत नाही. आणि बाहेरून विकत आणलेल्या सगळ्या लसींवर तो स्टिकर असतोच असं नाही.

लॅबवाला_सातारा
मी रक्ताचं सांगतो, ते राहूनच गेलं. नोटिशीत "रक्त तपासणी १० च्या आधी" एवढंच लिहिलंत तर गोंधळ होणार बघा. समजा एक डायबिटीसवाले आजोबा रात्री आठला जेवून सकाळी उपाशी पोटी साडेनऊला आले. फास्टिंगचं रक्त घेतलं. मग नाश्ता, त्यानंतर दोन तासांनी पीपी, म्हणजे साडेअकरा पावणेबारा. लाइट गेलेली. शुगरचं ठीक आहे, राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं, शुगर टिकते, लॅबला दुपारी गेली तरी फार फरक पडत नाही. अडचण लाल झाकणवाल्या ट्यूबची, म्हणजे किडनी, लिव्हर, पोटॅशियम. ते रक्त गोठल्यावर दोन तासाच्या आत सेंट्रीफ्यूज करून सीरम वेगळं काढावं लागतं, आणि सेंट्रीफ्यूज तुमचा बंद. तसंच पडून राहिलं तर पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं आणि डॉक्टर घाबरतात, पेशंट त्याहून घाबरतो.

म्हणून शेवटचं रक्त पावणेनऊला, पीपी फक्त राखाडी ट्यूबमध्ये, आणि हे नोटिशीत आदल्या दिवशी कळलं पाहिजे. बारा तास उपाशी राहून आल्यावर "उद्या या" म्हणाल तर तो माणूस तुमच्या नावाने शंख करणार.

अर्धवट_शहाणा
मग लाल ट्यूब तशीच फ्रिजमध्ये ठेवायची, दार बंद आहे म्हणजे थोडा तरी थंडावा असेलच की.

लॅबवाला_सातारा
उलटं होतं ते. सीरम वेगळं न काढता रक्त थंड ठेवलं तर पेशींमधून पोटॅशियम अजून जास्त बाहेर येतं. बाहेर ठेवलेलं त्यापेक्षा बरं. आणि शहाणा, लसीचं दार उघडून रक्त ठेवणार का तू, सिस्टर बघतील तुला.

अर्धवट_शहाणा
माझं नावच अर्धवट आहे, मला माफी आहे.

अमरावतीचा_बंड्या
मी जरा वेगळंच इचारतो. माह्या बाबाले घरी ऑक्सिजनचं मशीन हाय, २ लिटरवर ठेवलं. आमच्याइकडे बी असाच शटडाऊन होते. तुमच्या डॉक्टर मॅडम त्या दिवशी दवाखान्यात मशीन लावून देतीन का अशा पेशंटले? नोटिशीत लिहा ना ते बी.

काउंटरवाली_तळेगाव
दादा आमच्याकडे मशीनच नाही हो, आणि असतं तरी त्या दिवशी लाइट आमचीही गेलेलीच. पण मुद्दा चांगला आहे. आमचे दोन पेशंट घरी मशीनवर आहेत आणि त्यांची वीजलाइन आमचीच आहे.

वायरमन_भाऊ
बंड्याभाऊ, ५ लिटरवालं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास खातं, घरच्या इन्व्हर्टरवर तीन तास मुश्किल. तुम्हाला सिलेंडरच पाहिजे.

पीएचसीवाली_सिस्टर (निवृत्त)
हो, भरलेला बी टाइप सिलेंडर आणून ठेव. त्यात साधारण १५०० लिटर असतो, २ लिटरने लावला तर साडेबारा तास. सात तासांच्या शटडाऊनला पुरतो. पण रेग्युलेटर आदल्या दिवशी लावून, काटा बघून, चालवून बघ. सिलेंडर घरात आहे आणि चावी सापडत नाही असं मी पाहिलंय. आणि खोलीत देवापुढचा दिवा, गॅस काही नको. काउंटरवाली, ह्या दोघांना नोटीस नको, फोन कर.

अमरावतीचा_बंड्या
धन्यवाद सिस्टर, उद्याच पाहतो.

पेठेतली_सून
माझा एकच मुद्दा. नोटिशीतून "उद्या" हा शब्द काढून टाका. आमच्या इथल्या एका दवाखान्याने "उद्या दवाखाना बंद" असा फोटो व्हॉट्सअपवर टाकला, तो सोसायटीच्या ग्रुपवर फिरत फिरत दोन दिवसांनी सासूबाईंकडे आला. त्यांनी बीपीची गोळी संपलेली असताना जाणं टाळलं, आणि दवाखाना त्या दिवशी मस्त उघडा. वार, तारीख, वेळ, तिन्ही लिहा.

अजून एक, तुमचा फोन वायफायच्या लाइनवरचा आहे का? लाइट गेली की तोही बंद पडतो आणि मग पेशंट फोन लावून लावून थकतो. त्या दिवसापुरता मोबाईल नंबर द्या.

जोशीकाका_बिबवेवाडी
दवाखाना पहिल्या मजल्यावर म्हणताय, लिफ्टचं काय? माझे गुडघे आहेत. हे मात्र कामाचं विचारतोय.

काउंटरवाली_तळेगाव
काका खरंच कामाचं! लिफ्ट बंद असणार. वहिनी म्हणते ज्यांना जिना चढता येत नाही त्यांनी खालून फोन करायचा, ती खाली पार्किंगमध्ये येऊन बघेल. खुर्ची ठेवू. पाण्याची टाकी वॉचमनला सकाळीच भरून ठेवायला सांगितलीये.

आयटीतला_पण_मराठी
माझं मत वेगळं. तुम्ही सगळे मिळून त्या नोटिशीचा निबंध करताय. दारावरचा कागद माणूस चालता चालता वाचतो. दोन ओळी पुरे: १० ते ५ लाइट नाही, तपासणी सुरू, लसीकरण आणि रक्त बंद. बाकी फोनवर.

पेठेतली_सून
"रक्त बंद" वाचून मी घाबरेन आधी.

लॅबवाला_सातारा
रक्त बंद नाहीये ना पण, पावणेनऊपर्यंत चालू आहे. दोन ओळींच्या नादात जो आठला येऊ शकला असता तो घरीच बसेल.

आयटीतला_पण_मराठी
बरं, चार ओळी. पण मशीनची नावं नकोत. सेंट्रीफ्यूज बंद आहे हे वाचून पेशंटने काय करायचं? त्याला त्याचं काम होणार का एवढंच हवंय.

काउंटरवाली_तळेगाव
हे पटलं. रात्री बसून वहिनीबरोबर परत लिहिली. ऑटोक्लेव्ह बुधवारी संध्याकाळी दोनदा लावून ड्रेसिंगचे सेट तयार ठेवणार, पण टाके घालणं वगैरे त्या दिवशी घ्यायचं नाही असं ठरलं, कारण सेट संपले तर परत निर्जंतुक करता येणार नाहीत. आता बघा:

"गुरुवार, १५ मे, सकाळी १० ते सायं. ५ : दवाखान्यात लाइट नसेल.
डॉक्टर नेहमीच्या वेळेत आहेत. तपासणी, बीपी, इंजेक्शन, ड्रेसिंग, वाफ सुरू राहील.
रक्त द्यायचं असेल तर सकाळी ८ ते ८:४५ मध्येच या. नंतर येणाऱ्यांनी उपाशी राहू नये, रक्त शुक्रवारी घेऊ. ज्यांचं जेवणानंतरच्या शुगरचं रक्त आहे त्यांनी ठरल्या वेळी यावं, ते घेतलं जाईल.
बाळांचं लसीकरण या गुरुवारी नाही. शनिवार, १७ मे, ११ ते १. लस दोन दिवस उशिरा झाली तर चालते, डोस चुकत नाही.
टाके घालणे, गाठ कापणे शुक्रवारपासून.
लिफ्ट बंद. जिना चढता येत नसेल तर खालून या मोबाईलवर फोन करा: (नंबर)
घरी ऑक्सिजन मशीन असेल तर बुधवारपर्यंत आम्हाला कळवा.
वीज कंपनीने काम पुढे ढकललं तर हा कागद काढलेला असेल."

अर्धवट_शहाणा
शेवटची ओळ भारी. कागद नसेल तर लाइट आहे. मी आमच्या सोसायटीत हाच नियम लावणार आहे.

पेठेतली_सून
व्हॉट्सअपवर गेलेला फोटो कसा काढणार पण? तिथे वेगळा मेसेज टाकावा लागेल.

पीएचसीवाली_सिस्टर (निवृत्त)
छान झाली. "दोन दिवस उशिरा चालते" हे लिहिलंस ते फार बरं केलंस, नाहीतर आया रडकुंडीला येतात. पण मला शनिवारपर्यंत ढकलायचं कारण नाही कळलं. कॅरिअर नीट भरला तर गुरुवारीसुद्धा लसीकरण होतं गं. आम्ही वाड्यावस्त्यांवर कॅरिअर घेऊनच जायचो, लाइटचा पत्ता नसायचा.

लॅबवाला_सातारा
सिस्टर तुमचा हात बसलेला आहे, यांचा नाही. पहिल्यांदाच आइसपॅक भरणाऱ्याने काही गोठवलं तर कळणार पण नाही. शनिवार सेफ आहे.

पीएचसीवाली_सिस्टर (निवृत्त)
पहिल्यांदा कधीतरी भरावाच लागतो की. आणि बुधवारी लसी दुसरीकडे न्यायला तरी कॅरिअर लागणारच ना, का हातात पिशवी घेऊन जाणार रिक्षाने?

काउंटरवाली_तळेगाव
हा हा, कॅरिअर आणतोय. लसी स्टेशनजवळच्या एका हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये ठेवायला मिळाल्यात. लसीकरण गुरुवारी का शनिवारी यावर वहिनीचं आणि सिस्टरांचं फोनवर बोलणं करून देऊ का असं झालंय आता, वहिनी शनिवारवरच अडून आहे.

वायरमन_भाऊ
एक राहिलं. ५ ला लाइट आली की लगेच फ्रिज चालू करू नका, काम झाल्यावर पहिली काही मिनिटं व्होल्टेज वर खाली होतं, एक दोनदा जाते पण परत. दहा मिनिटं थांबा. १० च्या आधीच बटण बंद करून प्लग काढून ठेवा म्हणजे आपोआप सुरू व्हायची भानगड नाही.

पीएचसीवाली_सिस्टर (निवृत्त)
आणि सुरू केल्यावर लसी लगेच परत आणायच्या नाहीत. फ्रिज रिकामा चालू दे रात्रभर, शुक्रवारी सकाळी थर्मामीटर २ ते ८ मध्ये दिसला, दुपारी परत बघितला तसाच दिसला, की मग आणायच्या. थर्मामीटर आहे का ते अजून सांगितलं नाहीस तू.

काउंटरवाली_तळेगाव
आहे, पण दाराच्या कप्प्यात ठेवलेला होता. मधल्या कप्प्यात ठेवला आत्ता, दारात ११ दाखवत होता तो.

पीएचसीवाली_सिस्टर (निवृत्त)
दारात लसी तर ठेवत नव्हतात ना?

काउंटरवाली_तळेगाव
नाही नाही, दारात वहिनीचं ताक असतं.

पीएचसीवाली_सिस्टर (निवृत्त)
ताक पण काढ. त्या फ्रिजमध्ये लसीशिवाय काही नको. फ्रीझरमध्ये आइसपॅक आणि खालच्या भाजीच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेव, पुढच्या वेळी लाइट अचानक गेली तर तेवढाच वेळ जास्त मिळेल.